तीस लाख नफा, बँकेत तीन लाख

"नफा तीस लाख आणि बँकेत फक्त तीन? मग मधले सत्तावीस लाख खाल्ले कुणी?" पहिल्या वर्षाच्या वर्गात ताळेबंद पडद्यावर आला की मागच्या बाकावरून हा प्रश्न येतोच. वर्ग हसतो, आणि शिकवणारा ठरलेलं उत्तर देतो: नफा म्हणजे रोकड नव्हे. मुलं ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेतही लिहितात, गुणही मिळवतात. पण प्रश्न होता पैसे कुठे गेले, आणि या उत्तरात 'कुठे' कुठेच नाही. खरं तर प्रश्नातली वजाबाकीही चुकलेली आहे. तीस वजा तीन हे गणित ताळेबंदात कुठेच बसत नाही, कारण वर्षाच्या सुरुवातीला बँकेत काहीतरी होतंच आणि वर्षभरात कर्जाचेही पैसे आले आहेत. तरी तो मुलगा योग्य ठिकाणी बोट ठेवून बसलाय. त्याला व्याख्या नकोय, पत्ता हवाय. आणि तो पत्ता त्याच कागदावर आहे, फक्त एका स्तंभात नाही, दोन स्तंभांच्या फरकात आहे.

वर्गासाठी बेतलेली ही कंपनी कोल्हापुरातल्या गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत आहे असं धरू. खासगी मर्यादित, दोन भाऊ संचालक, तीसेक कामगार. आजूबाजूच्या फाउंड्रीतून कास्टिंग यायचं, त्यावर सीएनसी लेथ आणि व्हीएमसी या संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर मशिनिंग करायचं आणि पंप-व्हॉल्व्ह बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यांना ग्राहकाच्या ड्रॉइंगप्रमाणे सुटे भाग पुरवायचे, एवढाच धंदा. २०२३-२४ मध्ये विक्री ४८० लाख होती, २०२४-२५ मध्ये ६०० लाख. करानंतरचा नफा ३० लाख. आकडे मुद्दाम गोल केले आहेत आणि काही किरकोळ ओळी एकत्र केल्या आहेत, पण मांडणी कंपनी कायद्याच्या अनुसूची ३ मध्ये आहे तीच ठेवली आहे: आधी भांडवल आणि देणी, मग मालमत्ता. आणखी एक सवय इथेच लावून घ्यावी. या मांडणीत चालू वर्ष डावीकडे असतं आणि मागचं वर्ष उजवीकडे. डावीकडून उजवीकडे काळ पुढे सरकतो या नैसर्गिक समजुतीने वाचणारी मुलं वाढीला घट म्हणतात आणि घटीला वाढ.

| लाख रुपये | ३१ मार्च २०२५ | ३१ मार्च २०२४ |
|---|---|---|
| भागभांडवल | ५० | ५० |
| राखीव आणि शिलकी नफा | १२० | ९० |
| मुदत कर्ज (एक वर्षानंतर देय) | ६४ | ४० |
| कॅश क्रेडिट | ८८ | ६० |
| मुदत कर्जाचे येत्या वर्षातले हप्ते | १६ | १२ |
| पुरवठादारांचं देणं | ७१ | ५८ |
| इतर चालू देणी | ११ | १० |
| एकूण | ४२० | ३२० |
| यंत्रं, इमारत वगैरे (घसारा वजा जाता) | १५८ | १३० |
| साठा | ९८ | ७० |
| ग्राहकांकडून येणं | १४८ | १०० |
| रोख आणि बँक | ३ | ८ |
| इतर चालू मालमत्ता | १३ | १२ |
| एकूण | ४२० | ३२० |

पहिला गैरसमज 'राखीव' या ओळीवर होतो. १२० लाख राखीव आहेत म्हटल्यावर ते कुठेतरी मुदत ठेवीत असतील असं वाटतं. पण ही ओळ वरच्या भागात, भांडवलाच्या शेजारी आहे, मालमत्तेत नाही. ती एवढंच सांगते की स्थापनेपासून आजवर झालेल्या नफ्यातले १२० लाख मालकांनी बाहेर काढले नाहीत, धंद्यातच ठेवले. ते आता कशाच्या रूपात आहेत हे खालच्या भागाला विचारायचं, आणि खालचा भाग म्हणतो: यंत्रात, साठ्यात, ग्राहकांकडच्या उधारीत. रोकड म्हणाल तर तीन लाख. राखीव ९० वरून १२० झाले, म्हणजे ३० वाढले, आणि नफाही ३० होता. याचा अर्थ लाभांश वाटलेला नाही. ही छोटी जुळणी करून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. ती जुळली नाही तर मध्ये काहीतरी घडलेलं असतं, लाभांश, बोनस शेअर किंवा जुन्या वर्षाची दुरुस्ती, आणि ते ताळेबंदासोबत जोडलेल्या टिपणांत शोधावं लागतं.

आता पत्ता शोधू.

मोठ्या कंपन्यांच्या अहवालात रोख प्रवाह पत्रक असतं, त्यामुळे हे काम आयतं मिळतं. कंपनी कायदा २०१३ च्या व्याख्येत बसणाऱ्या छोट्या कंपनीला ते जोडण्याची सक्ती नाही. म्हणजे जिथे रोकडीची सगळ्यात जास्त ओढाताण असते, तिथेच तो कागद नसतो. वाचणाऱ्याने तो स्वतः करायचा. नियम दोनच आहेत. मालमत्तेची ओळ वाढली तर तिकडे पैसा गेला. देण्याची किंवा भांडवलाची ओळ वाढली तर तिकडून पैसा आला. घट झाली तर उलट. प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने फरक लिहायचा आणि अधिक-उणे चिन्ह द्यायचं. या सरावाला एक कोरी बाजू आणि वीस मिनिटं पुरतात, आणि शेवटी येणारी बेरीज रोकडीतल्या फरकाशी जुळली की काम बरोबर झालं हे वहीच सांगते.

सुरुवात नफ्यापासून: ३०. त्यात घसारा परत मिळवायचा, कारण घसारा नफ्यातून वजा झाला असला तरी त्याचा धनादेश कुणाच्या नावाने निघालेला नाही. या वर्षीचा घसारा २२, म्हणून ५२. इथपर्यंत कंपनीची तब्येत ठणठणीत दिसते. आता धंद्यात अडकलेला पैसा बघू. ग्राहकांकडून येणं १०० वरून १४८, म्हणजे उणे ४८. साठा ७० वरून ९८, उणे २८. इतर चालू मालमत्ता उणे १. पुरवठादारांचं देणं ५८ वरून ७१, अधिक १३, कारण तेवढ्या मालाचे पैसे अजून दिलेले नाहीत. इतर देणी अधिक १. सगळं मिळून ५२ मधून ७६ आणि १ गेले, १३ आणि १ आले: उणे ११. तीस लाख नफा मिळवणाऱ्या धंद्याने वर्षभरात एकही रुपया हातात आणला नाही, उलट ११ लाख मागितले.

पुढे यंत्रं. इथे मुलं १५८ वजा १३० करून २८ लिहितात आणि शेवटी २२ चा घोळ होतो. ताळेबंदात दिसते ती घसारा वजा जाता किंमत. १३० मधून या वर्षीचा २२ घसारा गेला की १०८ उरायला हवे होते, आणि आहेत १५८. म्हणजे ५० लाखांची खरेदी झाली आहे. मालमत्तेच्या टिपणात 'वाढ' या स्तंभात ती दिसेलच: एक नवं व्हीएमसी. मुदत कर्जाचंही तसंच. ते दोन ठिकाणी तुटून छापलेलं असतं, कारण येत्या बारा महिन्यांत फेडायचा भाग चालू देण्यांत न्यावा लागतो. २०२१ पासून तो अल्पमुदत कर्जांखाली दाखवतात. दोन्ही तुकडे जोडले की मागच्या वर्षी ४० आणि १२ मिळून ५२, या वर्षी ६४ आणि १६ मिळून ८०. वाढ २८. मागच्या ताळेबंदात 'येत्या वर्षात देय' म्हणून दाखवलेले १२ फेडले असतील, तर नवं कर्ज ४० चं. यंत्र ५० चं, बँकेने दिले ४०, म्हणजे कंपनीने स्वतःचे १० घातले. हे 'स्वतःचे १०' आणि फेडलेले १२ आले कुठून, याचं उत्तर कॅश क्रेडिटच्या ओळीत आहे: ६० वरून ८८, अधिक २८. आता बेरीज करा. उणे ११, उणे ५०, अधिक २८, अधिक २८. उत्तर उणे ५. बँकेत ८ होते, उरले ३.

म्हणजे मागच्या बाकाला द्यायचं उत्तर असं आहे: नफा आणि घसारा मिळून आलेले ५२ लाख ग्राहकांच्या उधारीने आणि साठ्याने गिळले, तरी त्यांची भूक भागली नाही, आणि उरलेली वेळ बँकेने निभावून नेली.

इथे एक गोष्ट थोडी रेंगाळून बघण्यासारखी आहे. यंत्रासाठी लागणारा दहा लाखांचा स्वतःचा हिस्सा आणि जुन्या कर्जाचे बारा लाखांचे हप्ते कॅश क्रेडिटमधून गेले. कॅश क्रेडिट हे साठा आणि उधारीपोटी दिलेलं, मागताक्षणी फेडायचं कर्ज असतं. त्यातून दहा-पंधरा वर्षं चालणारं यंत्र घेणं म्हणजे अल्पमुदतीचा पैसा दीर्घमुदतीच्या कामाला लावणं. बँकेचा अधिकारी हीच ओळ आधी शोधतो. कंपनीने मुद्दाम असं केलं असेल असंही नाही. खातं एकच असतं, पैसा आत येतो, बाहेर जातो, आणि कोणत्या रुपयाने काय घेतलं हे कुणाला दिसत नाही. वर्षाअखेरीचे दोन स्तंभ शेजारी ठेवल्यावरच ते दिसतं.

आता, विक्री वाढली की उधारी आणि साठा वाढणारच, हा मालकाचा बचाव योग्य आहे. किती वाढणं रास्त, एवढाच प्रश्न. त्यासाठी गुणोत्तरांची यादी पाठ करायची गरज नाही, चार टक्केवाऱ्या पुरतात. विक्री वाढली २५ टक्के. पुरवठादारांचं देणं साधारण २२ टक्के, म्हणजे तिथे सगळं जागेवर. साठा ४० टक्के. उधारी ४८ टक्के. विक्रीच्या चालीने वाढली असती तर उधारी १२५ असती आणि साठा साडेसत्याऐंशी. जास्तीचे २३ आणि साडेदहा, मिळून साडेतेहतीस लाख हे वाढीचे नाहीत, ढिलाईचे आहेत. ते आत आले असते तर धंद्यातून उणे ११ ऐवजी अधिक साडेबावीस मिळाले असते. यंत्राचा हिस्सा आणि हप्ते दोन्ही त्यातून भागले असते आणि कॅश क्रेडिटला हात लावायची वेळ आली नसती.

उधारी किती दिवसांची हे काढताना बहुतेक जण १४८ भागिले ६०० गुणिले ३६५ करून ९० दिवस लिहितात. यात एक बारीक चूक आहे. नफा-तोटा पत्रकातली विक्री जीएसटी वगळून असते, पण ग्राहकाकडून येणं असतं पूर्ण बिलाचं, जीएसटीसह. १८ टक्के दराने ६०० ची बिलं ७०८ ची झाली. १४८ ला ७०८ ने भागलं की ७६ दिवस येतात. मागच्या वर्षी त्याच पद्धतीने ६४. दोन वर्षांची तुलना करायची असेल तर चुकीची पद्धतही दिशा बरोबर दाखवते, पण 'आमची ग्राहकांना साठ दिवसांची मुदत आहे' या मालकाच्या वाक्याशी ताडून बघायचं असेल तर ९० आणि ७६ यांत फार अंतर आहे. निर्यात करणाऱ्या किंवा वेगळ्या दराच्या कंपनीत हा हिशेब अर्थातच बदलेल.

पण सरासरी दिवस हा आकडा सगळी उधारी एकाच पातेल्यात ढवळतो. खरी माहिती टिपणात आहे. अनुसूची ३ च्या २०२१ मधल्या दुरुस्तीनंतर ताळेबंदासोबत येण्यांचं वयानुसार वर्गीकरण द्यावं लागतं: सहा महिन्यांपेक्षा कमी, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन, तीनपेक्षा जास्त, त्यातही वादातली येणी वेगळी. आणि हे वय बिलाच्या तारखेपासून नाही, पैसे देय झाल्याच्या तारखेपासून मोजतात. साठ दिवसांची मुदत असेल तर 'सहा महिन्यांपेक्षा कमी' या रकान्यात जवळपास आठ महिन्यांपूर्वीचं बिलही बसू शकतं. आपल्या कंपनीच्या टिपणात मागच्या वर्षी पहिल्या रकान्यात ७४ होते आणि दुसऱ्यात २६. या वर्षी पहिल्यात ११३, दुसऱ्यात ९ आणि तिसऱ्यात, एक ते दोन वर्षं, २६. तेच २६ एक घर पुढे सरकले आहेत. वर्षभरात त्यातला एक रुपयाही आलेला नाही. 'वादातली येणी' ही ओळ रिकामी आहे आणि बुडीत येण्यांसाठी तरतूद शून्य आहे.

सव्वीस लाख. वर्षाचा नफा तीस.

कुठल्यातरी ग्राहकाने एखादा लॉट नाकारला असेल, माप चुकलं असेल, किंवा तो ग्राहकच अडचणीत असेल. कागद ते सांगत नाही. पण हे पैसे येणार नसतील तर काय होईल हे मात्र मोजता येतं. २६ बुडीत खाती टाकले की करात साधारण पाव हिस्सा वाचेल, म्हणजे साडेसहा. उरलेले साडेएकोणीस नफ्यातून जातील आणि तीसचे साडेदहा होतील. त्या बिलांवर भरलेला जीएसटीही परत मिळत नाही, ग्राहकाने पैसे बुडवले म्हणून सरकार कर सोडत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत दिले नाहीत तर चक्रवाढ व्याज मागण्याचा हक्क २००६ च्या कायद्याने दिलेला आहे. पण ज्याच्याकडून निम्मं काम येतं त्या ग्राहकावर तो हक्क किती पुरवठादार बजावतात, हे कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कुणालाही विचारावं.

मग हे २६ बाजूला काढले तर बाकीची उधारी बरी आहे का? उलटच आहे. मागच्या वर्षी २६ वगळता ७४ होते, या वर्षी १२२. वाढ ६५ टक्के. म्हणजे दुखणी दोन आहेत: एक जुनं गळू आणि एक नवा सुस्तपणा. नव्या सुस्तपणाचं एक निरुपद्रवी कारण असू शकतं. मार्चमध्ये माल जास्त गेला असेल, तर त्याची बिलं ३१ तारखेला येण्यांत दिसणारच, एप्रिल-मेमध्ये पैसे येतील. हे खरं मानायचं की नाही, ते साठ्याच्या ओळीकडे बघून ठरवायचं. मार्चमध्ये धडाक्याने माल बाहेर गेला असता तर गोदाम ओसरलेलं दिसलं असतं. इथे साठाही ४० टक्के वाढलाय. दोन्ही एकदम फुगले असतील तर मार्चचं कारण लंगडं पडतं.

साठ्याच्या टिपणात तीन ओळी असतात आणि त्या फारसं कुणी उघडून बघत नाही. कच्चा माल, म्हणजे इथे कास्टिंग, ३० वरून ३४. यंत्रावर असलेला अर्धवट माल १५ वरून १८. तयार माल २५ वरून ४६. सगळी वाढ जवळजवळ शेवटच्या ओळीत आहे. कच्चा माल वाढला असता तर भाव चढण्याआधी भरून ठेवला असं म्हणता आलं असतं, आणि कास्टिंग अडलं-नडलं तर वितळवायला फाउंड्री परत तरी घेते. तयार मालाचं तसं नाही. हे भाग एका ग्राहकाच्या ड्रॉइंगप्रमाणे केलेले आहेत. त्या ग्राहकाने उचलले नाहीत तर दुसऱ्याच्या पंपात ते बसत नाहीत आणि मग त्यांची किंमत भंगाराच्या किलोच्या भावाची. लेखा मानक २ सांगतं की साठा खर्चाची किंमत किंवा विकून मिळणारी निव्वळ रक्कम, यांतली कमी असेल तिथे धरायचा. छोट्या कंपनीत हा निर्णय मालकाच्या शब्दावर होतो आणि मालकाला आपला माल विकला जाणारच असं मनापासून वाटत असतं.

तयार माल वाढला की नफ्यावरही त्याची सावली पडते, आणि हे पहिल्या वर्षाच्या मुलांना सगळ्यात उशिरा उमगतं. नफा-तोटा पत्रकात 'तयार आणि अर्धवट मालातील बदल' अशी ओळ खर्चात असते, इथे ती उणे २४ आहे, तयार मालाचे २१ आणि अर्धवटचे ३. खर्चात उणे म्हणजे खर्च तेवढा कमी दिसला. तो माल बनवायला लागलेलं कास्टिंग, मजुरी, कारखान्याची वीज, यंत्राच्या घसाऱ्याचा काही भाग हे सगळं या वर्षाच्या नफ्याला न टोचता गोदामात जाऊन बसलं. माल पुढच्या वर्षी विकला गेला तर हे अगदी रीतसर आहे, त्यासाठीच ती ओळ आहे. नाही विकला गेला तर या वर्षीचा नफा पुढच्या वर्षाकडून उसना घेतलेला होता.

एवढं सगळं होत असताना मुलांचं आवडतं गुणोत्तर काय म्हणतं? चालू गुणोत्तर, म्हणजे चालू मालमत्ता भागिले चालू देणी. मागच्या वर्षी १९० भागिले १४०, १.३६. या वर्षी २६२ भागिले १८६, १.४१. सुधारलं! बँका पूर्वापार १.३३ ची रेघ मारत आल्या आहेत, तिच्यावर कंपनी आरामात उभी आहे. उत्तरपत्रिकेत 'तरलता समाधानकारक' असं लिहिणाऱ्याला गुणही मिळतात. पण हे गुणोत्तर सुधारलं नेमकं त्याच कारणाने ज्या कारणाने बँकखातं आटलं. उधारी आणि साठा फुगले, ते वरच्या बाजूला मोजले जातात, म्हणून भागाकार मोठा आला. साठा वगळून काढलं तरी ०.८६ वरून ०.८८, तिथेही सुधारणाच, कारण थकलेली उधारी त्यात तशीच बसलेली आहे. आता फक्त ते २६ चालू मालमत्तेतून काढा: २३६ भागिले १८६, १.२७. रेघेच्या खाली. एका टिपणातला एक रकाना वाचला की नाही, एवढ्यावर 'समाधानकारक' आणि 'चिंताजनक' यांतला फरक ठरतो. माझ्या मते पहिल्या सत्रात गुणोत्तरं शिकवूच नयेत. दोन स्तंभांचा फरक आणि टिपणं आधी, भागाकार नंतर.

बँक या २६ कडे कशी बघते? कॅश क्रेडिटमधून किती उचलता येईल हे दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवर ठरतं. साठ्यातून पुरवठादारांचं देणं वजा होतं, कारण उधारीवर आणलेल्या मालावर बँक कर्ज देत नाही. उधारीतून साधारण नव्वद दिवसांपेक्षा जुनी बिलं वगळली जातात. उरलेल्यावर बहुधा पाव हिस्सा मार्जिन कापलं जातं. म्हणजे आपले २६ लाख बँकेच्या लेखी कधीच शून्य झालेत. ताळेबंदात ते पूर्ण किमतीला उभे आहेत. बँकेला दिलेली तिमाही विवरणपत्रं आणि हिशेबाची पुस्तकं जुळतात का, हेही आता टिपणात सांगावं लागतं. तिथे 'फरक आहे' असं लिहिलेलं दिसलं तर बाकीचा ताळेबंद बाजूला ठेवून आधी तो परिच्छेद वाचावा. बँकेने मंजूर केलेली मर्यादा ताळेबंदाच्या तोंडावर नसते, पण कंपनीने तारण नोंदवलेलं असतं आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्या बोज्यांची सूची कुणालाही बघता येते. समजा ही मर्यादा ९० लाख आहे. उचल ८८. दोन तिथले आणि तीन बँकेतले, म्हणजे १ एप्रिलला सकाळी कंपनीच्या हाताशी पाच लाख आहेत. तीस कामगारांचा पगार सात तारखेला, आणि मुदत कर्जाचा महिन्याचा हप्ता सव्वा लाखाच्या वर.

ही झाली एका दिवसाची स्थिती, आणि तो दिवस वर्षातला सगळ्यात सजवलेला दिवस असतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येणी खेचून आणतात, देणी एप्रिलवर ढकलतात, संचालक चार दिवसांसाठी पैसे आणून ठेवतात. आपल्या कंपनीत हे सगळं करूनही तीनच लाख दिसत असतील, तर नोव्हेंबरमध्ये काय असेल याचा अंदाज बांधावा. व्याजाची ओळ इथे मदतीला येते. वर्षाचं कॅश क्रेडिटवरचं व्याज भागिले व्याजदर केलं की वर्षभराची सरासरी उचल निघते. ती ३१ मार्चच्या आकड्यापेक्षा बरीच जास्त असेल तर मार्चअखेर खातं तात्पुरतं झाडून घेतलं होतं असं समजावं.

कागदाला काही गोष्टी ठाऊकच नसतात. वसाहतीतला भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याचा, पंचवीस वर्षांपूर्वीच्या किमतीला लिहिलेला. आज त्याचं मोल कितीतरी जास्त, पण ताळेबंदात त्याचा मागमूस नाही. निम्मी विक्री एकाच ग्राहकाला असेल तर तेही इथे दिसणार नाही. दोन्ही भावांनी बँकेला वैयक्तिक हमी दिली असेल, राहतं घर तारण असेल, तर त्याचा उल्लेख असलाच तर कर्जाच्या टिपणात एका ओळीत. शंभर रुपये शुल्क भरून कुठल्याही कंपनीची दाखल कागदपत्रं मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बघता येतात, त्यामुळे मुलांनी आपापल्या गावातली एखादी छोटी कंपनी निवडून हेच करून बघावं. पुढच्या वर्षीचा ताळेबंद आला की तीन ठिकाणं आधी उघडायची: ते २६ 'दोन ते तीन वर्षं' या रकान्यात सरकले की गायब झाले, गायब झाले असतील तर नफा-तोटा पत्रकात बुडीत येणी म्हणून काही लिहिलंय की बँकखात्यात खरोखर पैसे आलेत, आणि तयार मालाचे ४६ किती झाले.